दोन सभांमधली पाच मिनिटे

सकाळी केंद्रावरची शिक्षकांची बैठक आटोपून मुख्याध्यापक गावी परततात. दुपारी दोनला शाळा व्यवस्थापन समितीची सभा. पालक छपराच्या गळतीविषयी बोलू लागतात. पण गुरुजींच्या डोक्यात सकाळचीच वादावादी चाललेली. शब्द कानावर पडतात, मनात शिरत नाहीत. अशा वेळी सभेआधीची पाच मिनिटे कशी घालवावीत, एवढेच आज सांगतो.

मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर लावा, म्हणजे घड्याळाकडे लक्ष जायला नको. खुर्चीवर बसा, तळपाय जमिनीला टेकू द्या, पाठ सरळ ठेवा. हा प्राणायाम नव्हे बरे का! श्वास लांबवायचा नाही, कोंडायचा नाही; येतो-जातो तसा येऊ-जाऊ द्यायचा. श्वास बाहेर पडला की मनात म्हणा, एक. पुढचा पडला की दोन. असे दहापर्यंत मोजायचे आणि पुन्हा एकपासून.

दहाच का? पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात याचा विचार केला आहे. मोजणी पाचाच्या आत आटोपली तर मन अरुंद गोठ्यातल्या गुरांसारखे धडपडते. दहाच्या पुढे गेली तर श्वास सुटून आकड्यांचाच नाद लागतो.

आता गुरुजींचे काय होते पाहा. एक, दोन, तीन... आणि चौथ्या श्वासाला सकाळचे कुणाचे तरी बोलणे आठवते. थोड्या वेळाने ध्यानात येते, अरे, मोजणी राहिलीच! मग स्वतःवर न चिडता पुन्हा एकपासून. कधी भानावर येतात तो मोजणी तेविसावर गेलेली असते. तेही भरकटणेच. शांत बसल्यावर माणूस मिनिटाला साधारण बारा ते सोळा श्वास घेतो. म्हणजे पाच मिनिटांत सहा ते आठ फेऱ्या होतील. नवख्याची एखादीच पुरी होते, कधी तीही नाही. त्यात वावगे काही नाही. भरकटल्याचे कळणे आणि परत येणे, हाच खरा सराव.

चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास ओढून घेतला जातो आहे असे समजा आणि मोजणे थांबवा. डुलकी येऊ लागली तर डोळे उघडून उभे राहा. श्वासाकडे पाहून जीव घाबरा होत असेल, तर श्वास सोडून तळपायांच्या स्पर्शाकडे लक्ष द्या.

याने सकाळचा राग जाणार नाही, छपराला पैसेही मिळणार नाहीत. गुण आला की नाही, हे सभेतच पडताळावे. पहिल्या पालकाचे म्हणणे त्यालाच एका वाक्यात सांगून विचारा, "असेच ना, दादा?" तो "होय, गुरुजी" म्हणाला, तर तुमची पाच मिनिटे सत्कारणी लागली. नाही म्हणाला, तर पुन्हा ऐका आणि उद्या पुन्हा बसा. दोन आठवडे रोज केल्यावाचून निकाल देऊ नका.