एकाच साइटवर अक्षरं एवढी मोठी का?

उल्हासनगरची माझी एक मैत्रीण जीन्सच्या कारखान्याचा हिशेब ठेवते. परवा रात्री तिचा फोन आला. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि कॉलेजच्या साइटवर अक्षरं भलीमोठी, खालचं ‘Submit’चं बटण कुठे दिसेना. बाकी सगळ्या साइट मात्र ठीक. कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला, हिस्ट्री पुसली, काही फरक नाही. आता डबा रिक्षात घालून स्टेशनजवळच्या दुकानात न्यायची तयारी चालली होती.

मी म्हटलं, थांब. क्रोममध्ये वर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे भिंगाचं चित्र दिसतंय का? दिसत होतं. त्यावर दाबल्यावर आकडा आला, 175%.

झालं असं होतं. दुपारी गुणपत्रिकेतले आकडे कॉपी करताना तिचं बोट Ctrl वर राहिलं आणि माऊसचं चाक फिरलं. Ctrl दाबून चाक फिरवलं की पान एकेक पायरी मोठं होतं: 100 वरून 110, 125, 150, 175. चार खटके पुरले.

मग बंद-चालू करून का जाईना? वाण्याच्या उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे आकडा असतो ना, तसं ब्राउझर साइटच्या नावापुढे टक्का लिहून ठेवतो. वीज गेली तरी वही पुसली जात नाही. नुसती हिस्ट्री पुसली तरी हा आकडा तसाच राहतो. नोंद साइटच्या नावावर असल्याने त्या साइटची सगळी पानं मोठी दिसतात. फी भरायला दुसऱ्या पत्त्यावर गेलात की तिथे सगळं नेहमीसारखं, आणि परत आलात की पुन्हा मोठं. गोंधळ होतो तो इथेच.

उपाय एवढाच: तीच साइट उघडी ठेवून Ctrl आणि शून्य एकत्र दाबायचं. भिंगाखालच्या ‘Reset’नेही तेच होतं. सेटिंगमध्ये तुम्ही मुळातच 125% ठेवलं असेल, तर मात्र पान 100 वर न येता 125 वरच येईल. आणि लॅपटॉपच्या पॅडवर दोन बोटं पसरून मोठं केलेलं पान ही वेगळी गोष्ट. त्यात टक्का बदलतच नाही. बोटं जवळ आणून ते लहान करायचं.

तिने Ctrl आणि शून्य दाबलं, बटण दिसलं, फॉर्म गेला. मग सगळी वही बघू म्हणून पत्त्याच्या पट्टीत हे लिहायला सांगितलं:

```
chrome://settings/content/zoomLevels
```

यादीत आणखी एकच नाव होतं, एका वर्तमानपत्राचं, 150%. पुढच्या फुलीवर दाबलं की नोंद जाते. ती दाबणार, एवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, “अगं, ते माझं आहे, राहू दे!”