भिंतीवरचा मजकूर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



बेंगळूरमधील आपल्या बहुतेक घरांत दोन कालदर्शिका असतात. एक मुंबईहून येणारी. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेव्हापासून ती सवय पक्की झाली. दुसरी आपल्या वाण्याने वा मिठाईवाल्याने नववर्षानिमित्त फुकट दिलेली. आज मी या दुसरीविषयी बोलणार आहे, कारण एका वर्षी तिचा मजकूर मीच लिहिला होता आणि तो चुकला होता.

आपल्या परिचयाच्या एका मिठाईवाल्यांनी २०२२ च्या दिवाळीनंतर मला विनंती केली, “साहेब, आपले मराठी चांगले आहे. पुढच्या वर्षाच्या कालदर्शिकेचा मजकूर लिहून द्या.” प्रत्येक महिन्याच्या पानावर सण आणि त्याच्या खाली दुकानाची सवलत, असे त्याचे स्वरूप होते. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाने जे करावे तेच मी केले. कर्नाटक राज्याची सुट्ट्यांची यादी समोर ठेवली आणि तारखा उतरवून घेतल्या. सप्टेंबरच्या पानावर लिहिले : ‘गणेशचतुर्थी, १८ सप्टेंबर. सणाच्या मोदकांची आगाऊ नोंदणी केल्यास दहा टक्के सूट.’

हे वाक्य दिसते निर्दोष. पण त्या वर्षी चतुर्थी सोमवारी १८ तारखेस दुपारी १२.४० च्या सुमारास लागली आणि मंगळवारी १९ तारखेस दुपारी पावणेदोनच्या आसपास संपली. गणेशपूजनास मध्याह्नी असलेली चतुर्थी घ्यावयाची असते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पाच समान भाग केले असता तिसरा भाग तो मध्याह्न. बेंगळुरात त्या दिवसांत तो सुमारे अकरापासून दीडला थोडे कमी असेपर्यंत होता. म्हणजे सोमवारी चतुर्थीने मध्याह्नाचा शेवटचा पाऊण तास व्यापला. मंगळवारी संपूर्ण मध्याह्न व्यापला. महाराष्ट्रात मंगळवार धरला गेला आणि सुट्टीही १९ लाच होती. कर्नाटकात सुट्टी सोमवारी होती. मध्याह्नास चतुर्थीचा स्पर्श त्या दिवशीही होताच. यात कोणी अडाणी नव्हते. निर्णयाची परंपरा वेगळी होती, एवढेच.

परिणाम मात्र दुकानदारास भोगावा लागला. नोंदणीच्या चिठ्ठीवर दिवस नव्हता. ‘सणाचे मोदक’ एवढेच होते. रविवारी रात्री त्यांनी सारी तयारी केली आणि सोमवारी पहाटे मोदक उकडले. कानडी शेजारी आले, परंतु आपली बहुतेक मंडळी मंगळवारी सकाळी पावती घेऊन उभी राहिली. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. पारी वातड होते, सारणातील ओल्या नारळाला वास येऊ लागतो. सुमारे तीनशे मोदक वाया गेले. एक वयोवृद्ध आजी रिकामा डबा घेऊन परतल्या, हे मी स्वतः पाहिले. दुकानदार मला एक शब्दही बोलले नाहीत. तेच अधिक लागले.

त्यानंतर मी तो मजकूर घरी बसून पुन्हा लिहिला. तो असा : ‘गणेशचतुर्थी : कर्नाटकातील सुट्टी सोमवार १८ सप्टेंबर, महाराष्ट्रातील पंचांगांनुसार मंगळवार १९ सप्टेंबर. मोदक दोन्ही दिवशी सकाळी मिळतील. नोंदवताना वार सांगावा. शुक्रवार १५ सप्टेंबर, रात्री नऊपर्यंतच्या नोंदणीस दहा टक्के सूट.’ यात सण तिथीवर राहिला; सवलत मात्र तारीख, वार आणि घटका यांना बांधली गेली. सणाचा दिवस वादग्रस्त असू शकतो, सवलतीचा असता कामा नये.

संशयाची जागा आधी ओळखता येते. एक महाराष्ट्राचे आणि एक येथले, अशी दोन पंचांगे शेजारी ठेवावीत. सणाचा दिवस जुळला नाही, किंवा तिथी नेमकी पूजेच्या काळातच सुरू होत अथवा संपत असली, तर तेथे खूण करावी आणि छपाईपूर्वी जाणत्यास विचारावे.

संकष्टीचेही तसेच. मुंबईचा चंद्रोदय उतरवून येथे छापू नये. बेंगळूर मुंबईच्या पूर्वेस पावणेपाच अंशांच्या आसपास आहे. एका अंशास चार मिनिटे धरली तर एकोणीस मिनिटांचा फरक येतो. पण अक्षांशामुळे तो दर महिन्यास सारखा राहत नाही. म्हणून ठोकळ वजाबाकी न करता बेंगळूरचीच वेळ घ्यावी. उपवास करणारा माणूस ती वेळ पाहून पान वाढतो.

त्या दुकानदारांनी पुढल्या वर्षीही मजकूर मजकडेच दिला. या वेळी कागद परत देताना मी त्यांना म्हटले, “छापण्यापूर्वी एकदा आजींना वाचून दाखवा.” त्यांनी तो दाखवला. आजींनी एक वार दुरुस्त केला.