दुसरी खुर्ची आणि हातातले ग्लोव्हज



तालुक्याच्या गावातला दोन खुर्च्यांचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरबाई एकट्या. पहिल्या खुर्चीवर रूट कॅनाल चाललंय, दुसऱ्या खुर्चीवरच्या पेशंटला भूल देऊन ठेवलीय. तेवढ्यात असिस्टंट दारात येते, ‘मॅडम, लॅबवाला विचारतोय, शेड कुठली?’ बाई ग्लोव्हज काढतात, फोन घेतात, हात धुऊन नवे ग्लोव्हज घालतात. मग कॉम्प्रेसरचा आवाज बदलतो. मग कुणाचं तरी यूपीआय अडकतं. रात्री साडेनऊला शटर ओढून घरी गेल्यावर बिलं आणि जीएसटीचे कागद असतातच.

अशा दवाखान्यात काय सोपवावं हे ठरवायला एक साधं मोजमाप पुरतं. आठवडाभर, पेशंटच्या तोंडात काम चालू असताना ग्लोव्हज किती वेळा आणि कशासाठी काढावे लागले, हे असिस्टंटने भिंतीवरच्या कागदावर टिपायचं. त्यातली फार थोडी कारणं वैद्यकीय निघतात. बाकीची लॅबची, फोनची, पैशांची आणि ‘हे कुठे ठेवलंय’ची.

या कागदावर येत नसलं, तरी सगळ्यात आधी आणि पूर्णपणे सोपवण्याजोगं काम म्हणजे निर्जंतुकीकरण. बहुतेक दवाखान्यांत ते सोपवलेलं दिसतं, पण अर्धवट. असिस्टंट हत्यारं धुते, ऑटोक्लेव्ह लावते आणि झालं की नाही हे डॉक्टरांना विचारते. म्हणजे श्रम तिचे, काळजी मात्र डॉक्टरांकडेच राहते. थकवा या काळजीचाच असतो.

पूर्ण सोपवायचं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हत्यारं जाड ग्लोव्हज घालून घासायची, कोरडी करून पाउचमध्ये घालायची, पाउचवर तारीख आणि सायकलचा क्रमांक लिहायचा. ते एकावर एक दाबून न रचता रॅकमध्ये सुटे उभे करायचे, कारण गच्च भरलेल्या यंत्रात वाफ मधल्या हत्यारांपर्यंत पोचत नाही. तापमान 121 किंवा 134 अंश, वेळ यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे, आणि दोन्हींची नोंद वहीत. पाउचवरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ तो पाउच यंत्रातून फिरून आला, एवढाच. जंतू खरोखर मेले का, हे आठवड्याच्या स्पोअर टेस्टनेच कळतं. ओला निघालेला पाउच वापरायचा नाही, तो पुन्हा लावायचा.

आणि इथेच खरी परीक्षा आहे. गर्दीच्या संध्याकाळी असिस्टंट म्हणते, ‘हा सेट ओला आहे, देणार नाही,’ तेव्हा मालकाने काय करायचं? थांबायचं. पेशंटला वीस मिनिटं बसवायचं किंवा उद्या बोलवायचं. त्या संध्याकाळी ‘चालतंय, दे’ म्हटलं की तिने घेतलेली जबाबदारी परत मालकाच्या डोक्यावर येते, आणि पुढच्या वेळी ती विचारल्याशिवाय काहीच करत नाही. नकाराचा हक्क दिला नाही, तर काम दिलंच नाही. मालकाकडे उरतं ते आठवड्यातून एकदा वही आणि स्पोअर टेस्टचा निकाल पाहणं. टेस्टमध्ये वाढ दिसली तर यंत्र बंद आणि मेकॅनिकला फोन, हे डॉक्टरांना न विचारता व्हायला हवं.

लॅबचंही तसंच. कुठल्या पेशंटची कुठल्या दाताची कॅप, शेड काय, माप कधी गेलं, काम कधी यायचं याची एक वही पुरे. अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी असिस्टंट लॅबला विचारते. कॅप येणार नसेल तर पेशंटची तारीखही तीच बदलते. कॅप बसते का, हे मात्र डॉक्टरच पाहतात.

मर्यादाही स्पष्ट हव्यात. 1948च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टनेच दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांची नोंदणी वेगवेगळी ठेवली होती. शिकवून तयार केलेली असिस्टंट कितीही हुशार असली, तरी तिच्या हाती स्केलर किंवा भुलेची सुई द्यायची नाही. दुसऱ्या खुर्चीला नोंदणीकृत सहकारीच हवा. त्याला सुरुवातीला तपासण्या, स्केलिंग आणि साधी फिलिंग द्यावीत. त्याने केलेल्या रूट कॅनालचे एक्स-रे काही काळ दोघांनी बसून पाहावेत आणि मगच पुढचं सोपवावं.

हे सगळं सोपवायचं ते थकवा साचू नये म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची जी तीन लक्षणं सांगितली आहेत, त्यांत शक्ती संपून जाण्याबरोबरच कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा वाटणं आणि कामाचा दर्जा उतरल्याची जाणीव हीसुद्धा आहेत. दंतवैद्याच्या बाबतीत पाठ आणि मान आधी बोलते, म्हणून बाकीची दोन नजरेआड होतात. चौथा कॅनाल शोधायचा कंटाळा येऊ लागला, पेशंटचा प्रश्न पुरा ऐकवेनासा झाला, तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नये.

सहकारी रुजला की कामाच्याच एका दिवशी मालकाने दवाखान्यात जाऊ नये. त्या दिवशी आलेला प्रत्येक फोन आणि त्याचं कारण लिहून ठेवावं. पुढच्या महिन्यात काय सोपवायचं, त्याची यादी तीच.