भनपुरीची गिरणी आणि शहरातला चिवडा
(मंडळाच्या उद्योजक मेळाव्यातील भाषण)



आज मी एक प्रस्ताव घेऊन आलो आहे. आपल्या मंडळाचे एक सभासद बिलासपूर रस्त्यावर, भनपुरीच्या औद्योगिक वसाहतीत पोह्यांची लहानशी गिरणी चालवितात. मी शहरात चिवड्याचा कारखाना चालवितो. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला, दोन कढया आणि सहा माणसे एवढाच त्याचा पसारा. आजवर त्यांचे पोहे एका व्यापाऱ्याकडे जातात आणि माझे दुसऱ्या व्यापाऱ्याकडून येतात. आम्ही दोघांनी थेट एकत्र यावे, असे मला वाटते.

भाटापाऱ्याच्या पोह्यांचे नाव आपण सर्वजण जाणता. कृती तीच : भात गरम पाण्यात भिजवावा, निथळावा, तापल्या वाळूत भाजावा, तूस काढून गरम असतानाच चपटा करावा. पण कांदेपोह्यांचा जाड पोहा आणि चिवड्याचा पातळ पोहा यांच्या गरजा निराळ्या आहेत. पातळ पोहा तापल्या तेलात पडताच क्षणात फुलला पाहिजे. त्यात ओल राहिली, तर तो फुलण्याऐवजी चिवट होतो. अतिकोरडा झाला, तर पोत्यातच मोडतो, आणि तो चुरा तेलात जळून तेल लवकर काळे करतो. आमच्या धंद्यातील बरेचसे नुकसान या दोन टोकांमध्ये आहे.

येथेच दोघांचे हित एकमेकांस छेद देते, हेही सांगितले पाहिजे. पोहे वजनावर विकले जातात आणि ओलीलाही वजन असते. म्हणून गिरणीला थोडी ओल परवडते, मला परवडत नाही. मधल्या व्यापाऱ्याला तर त्याची फिकीरच नसते. तेव्हा भाव ओलीशी बांधावा. दहा ग्रॅम पोहे १०५ अंशांवर, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवावे. एक ग्रॅम घट म्हणजे दहा टक्के ओल. ठरलेल्या टक्क्यांपेक्षा ओल जास्त निघाली, तर तेवढे वजन हिशेबातून कमी व्हावे.

चुऱ्याचे गणित उदाहरणाने पाहू. समजा, भाव किलोला ५० रुपये आहे आणि शंभर किलोंत सहा किलो चुरा निघतो. मी ५,००० रुपये देतो, पण कढईत ९४ किलो जातात. म्हणजे खरा भाव पडला ५३ रुपये १९ पैसे. आता चाळणी गिरणीतच लागली आणि मी चाळलेला माल ५२ रुपये ५० पैशांनी घेतला, तर किलोमागे माझे ६९ पैसे वाचतात. गिरणीला ९४ किलोंचे ४,९३५ रुपये मिळतात, आणि ताजा चुरा वीस रुपयांनी विकला गेला, तर त्याचे १२० वेगळे. एकूण ५,०५५, म्हणजे ५५ रुपये जास्त. चाळणीची मजुरी त्यातून जायची. फार मोठी रक्कम नाही, मी फुगवून सांगत नाही. परंतु दलाली वाचते, ती निराळी. आणि मालाची चढउतार एकदाच झाल्याने वाटेतही पोहे कमी मोडतात.

प्रश्न राहतो तो नात्याच्या स्वरूपाचा. आपल्यापैकी काहींनी मला भागीदारी संस्था काढा, असे सुचविले. मी त्याच्या विरुद्ध आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे संस्थेच्या कर्जाला प्रत्येक भागीदार संपूर्णपणे जबाबदार असतो. माझ्या कढईचे कर्ज त्यांच्या गिरणीवर का यावे? आपापला धंदा आपापल्या नावावर ठेवून पुरवठ्याचा लेखी करार करणे बरे. पैशाबद्दलही कायदा स्पष्ट आहे. लघुउद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने, नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे मुदत ठरलेली असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि ठरलेली नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज. मी २१ दिवस लिहून देण्यास तयार आहे. ओळखीच्या माणसांत लिहिणे अवघड वाटते खरे, पण उधारीने मोडलेली मैत्री मी पाहिली आहे.

आता पुढचे पाऊल. गिरणीवाल्या मित्राने चार आठवडे, दर सोमवारी, चाळलेले पन्नास किलो पातळ पोहे माझ्याकडे पाठवावे. प्रत्येक पोत्यावर भाताची जात आणि भाजल्याची तारीख लिहावी, कारण नवा भात आला की त्याच भट्टीवरचा पोहा बदलतो. मी ओल, चुरा आणि कढईत किती तेल लागले, हे तीन आकडे वहीत उतरवीन. ती वही दोघांची. चौथ्या सोमवारनंतर त्याच आकड्यांवरून ओलीची मर्यादा ठरवू आणि मग मुद्रांकित कागदावर एक वर्षाचा करार करू. आकडे जुळले नाहीत, तर चार पोत्यांचे पैसे चुकते करून दोघेही मोकळे. पहिले पोते येत्या सोमवारी यावे, एवढीच विनंती. गाडी मी पाठवितो.