उसवलेल्या गुठळीची खूण

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानावरून)



‘डी-डायमर’ हा शब्द २०२० पर्यंत आपल्यापैकी फारच थोड्या जणींच्या कानांवरून गेला असेल. करोनाच्या साथीत मात्र तो घरोघर पोहोचला. रिपोर्टावर आकड्यापुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’ असे छापलेले पाहून घरातली माणसे घाबरून जात. अजूनही असे कागद घेऊन बायका माझ्याकडे येतात आणि विचारतात, “डॉक्टरीणबाई, माझ्या अंगात गुठळी आहे का हो?” या कागदावरून तेवढे सांगता येत नाही. का येत नाही, ते आज सांगावयाचे आहे.

शिवणकाम आपणां सर्वांच्या हातचे असल्याने तिथूनच सुरुवात करते. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे एक प्रथिन विरघळलेले असते. त्याचा कण म्हणजे दोन्ही टोकांना एकेक मणी असलेला आखूड दोरा समजा. या टोकाच्या मण्यांना शास्त्रज्ञ ‘डी’ म्हणतात. बोट कापले की थ्रॉम्बिन नावाचे द्रव्य तयार होते. ते या कणांना जागे करते. मग ते एकमेकांना चिकटून त्यांचे लांब धागे होतात. यालाच फायब्रिन म्हणावयाचे. पण हा झाला नुसता धावदोरा. ओढला तर निघून येईल. त्यामागून तेरावा घटक म्हणून ओळखले जाणारे द्रव्य येते आणि शेजारशेजारच्या दोन कणांचे ‘डी’ मणी एकमेकांशी पक्के गाठवून टाकते. आता ती शिलाई झाली. रक्तपेशी या जाळीत अडकल्या की गुठळी तयार होते.

जखम भरली की ही शिलाई उसवावी लागते, नाहीतर रक्तवाहिनी तुंबून राहील. उसवणारी कात्री म्हणजे प्लाझ्मिन. आता मौज पाहा. अशी कात्री रक्तात उघडी फिरू लागली तर ती दिसेल ते कापत सुटेल. म्हणून यकृत ती मिटलेल्या स्थितीत तयार करते; त्या मिटलेल्या कात्रीचे नाव प्लाझ्मिनोजेन. गुठळी होताना ही मिटलेली कात्री धाग्यांना चिकटून बसते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून टी-पी-ए नावाचे एक द्रव्य स्रवते, ते कात्री उघडते; पण फायब्रिनच्या धाग्यावर बसलेली कात्रीच ते चांगली उघडू शकते, रक्तात मोकळी असलेली फारशी नाही. शिवाय एखादी उघडी कात्री धाग्यावरून निसटलीच, तर तिला पकडून निकामी करणारे दुसरे प्रथिन रक्तात हजरच असते. म्हणून गुठळी विरघळण्याचे काम गुठळीवरच चालते, इतरत्र नाही.

ही कात्री दोरा कापते, पण तेराव्या घटकाने मारलेली गाठ तिला कापता येत नाही. आपण जुना परकर उसवतो तेव्हा दोऱ्याचे तुकडे होतात आणि घट्ट गाठी तशाच उरतात ना, तसेच. दोन ‘डी’ मणी एकमेकांना गाठवलेले असे जे तुकडे रक्तात वाहत जातात, तेच डी-डायमर. डायमर म्हणजे जोडी. तेव्हा ज्या तपासणीला आपण भितो ती मोजते काय, तर उसवणीचा चुरा. पक्की शिलाई कुठेतरी झाली आणि ती उसवलीही जात आहे, एवढीच तिची साक्ष. कुठे झाली, का झाली, आणि ती धोक्याची होती की नेहमीच्या डागडुजीतली, हे चुऱ्यावरून कळत नाही. गरोदरपणी हा आकडा महिन्यागणिक वाढत जातो. बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर, न्यूमोनियात, कर्करोगात आणि नुसत्या उतारवयातही तो वाढलेला सापडतो. म्हणून धडधाकट बाईने हौसेने ही तपासणी करून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मग तिचा उपयोग काय? उपयोग आहे तो उलट बाजूने. चुराच नसेल तर ताजी मोठी गुठळी असण्याचा संभव फार कमी. एक उदाहरण सांगते. चौसष्ट वर्षांच्या एक बाई उजवी पोटरी दुखते म्हणून आल्या. शस्त्रक्रिया नाही, अंथरुणाला खिळणे नाही, कर्करोग नाही. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या. फरक जेमतेम एक सेंटिमीटरचा. गुठळीची शंका मुळातच थोडी. डी-डायमर आला ५८०, आणि प्रयोगशाळेने ५०० ही मर्यादा धरून ‘जास्त’ असा शिक्का मारलेला. पण पन्नाशीनंतर मर्यादा वयाप्रमाणे वाढवून धरतात, वयाची दसपट. चौसष्टाची दसपट ६४०. त्यांचा आकडा त्याच्या आत होता. गुठळी नाही असे धरून, सूज वाढली तर लगेच या, असे बजावून घरी पाठविले. स्नायू आखडला होता. आठवड्यात बऱ्या झाल्या.

हा हिशेब करताना एक खाचखळगा आहे. काही प्रयोगशाळा आकडा ‘एफ.ई.यू.’ या मापात देतात, काही ‘डी.डी.यू.’ या मापात. पहिल्या मापातला आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. माझी ५०० ची मर्यादा आणि दसपट हा नियम पहिल्या मापाचा, नॅनोग्रॅम दर मिलिलिटरमधला. दुसऱ्यात मर्यादा साधारण २५० आणि वयाची पाचपट. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दुप्पट झाला हो’ म्हणण्याआधी माप पाहावे.

उलट, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवसांनी एका बाईंचा पाय मांडीपासून सुजला, तेव्हा मी डी-डायमर केलाच नाही. शंका जबर असताना आकडा कमी आला तरी त्यावर विसंबता येत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर तो जास्त येणारच. थेट सोनोग्राफी केली. मांडीच्या शिरेत गुठळी होती. लक्षणे आठवडा-दोन आठवडे जुनी असली किंवा गुठळीवरचे औषध आधीच सुरू असले, तरीही हा आकडा फसवा कमी येऊ शकतो.

त्या बाईंना जे औषध दिले, ज्याला लोक ‘रक्त पातळ करण्याचे’ म्हणतात, ते गुठळी विरघळवीत नाही. नवी शिलाई थांबविते. उसवण्याचे काम त्यांच्याच प्लाझ्मिनने केले आणि त्याला काही महिने लागले. बाहेरून टी-पी-ए टोचून कात्र्या एकदम उघडण्याचा उपायही आहे, पण त्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते. म्हणून तो हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसातली मोठी गुठळी अशा जिवावरच्या प्रसंगी वापरतात.

कात्री मिटून ठेवणारे औषधही आहे, आणि ते शोधणाऱ्यांत एक स्त्री होती हे या सभेत सांगावेसे वाटते. जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ साली ट्रॅनेक्झॅमिक आम्ल पुढे आणले. कात्री धाग्याला ज्या जागी चिकटते तीच जागा ते अडवून धरते. मासिक पाळीत गर्भाशयात हे उसवणे जोराने चालते. ज्यांना अंगावरून फार जाते त्यांना म्हणून याच्या गोळ्या देतात. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ते तीन तासांच्या आत टोचले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१७ साली वीस हजारांहून अधिक स्त्रियांवरील प्रयोगात दिसले. मात्र पायात वा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेली असेल, तर पाळीसाठी शेजारणीकडून या गोळ्या मागून घेऊ नका. डॉक्टरांना ती गोष्ट आधी सांगा, विचारले नाही तरी.