बादलीचा वास काय सांगतो?
(गृहनिर्माण संस्थेतील रहिवाशांसमोर द्यावयाच्या छोट्या भाषणाची संहिता)



सदनिकेत ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा उपक्रम बहुधा उन्हाळ्यात सुरू होतो आणि आषाढात बंद पडतो. बंद पडण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, ते म्हणजे दुर्गंधी. शेजारच्या सज्जातून तक्रार येते, घरातील ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतात आणि बादली एके दिवशी गुपचूप कचरागाडीत रिकामी होते. वस्तुतः वास येणे म्हणजे प्रयोग फसणे नव्हे. आत काय बिघडले आहे हे बादली वासाच्या भाषेत सांगत असते. ती भाषा समजली की उपाय अवघड राहत नाही.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. कचऱ्याचे खत करणारे जिवाणू दोन प्रकारचे असतात. एकांना हवा लागते, दुसऱ्यांना ती लागत नाही. हवेवर जगणारे जिवाणू कचरा कुजवतात तेव्हा मुख्यतः कर्बवायू, वाफ आणि थोडी ऊब बाहेर पडते. त्यांना दुर्गंध नसतो. हवा संपली की दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. ते आंबट आम्ले आणि गंधकयुक्त वायू सोडतात. नासक्या अंड्याचा किंवा आंबून गेलेल्या भाताचा जो वास येतो, तो त्यांचा.

हवा संपते कशाने? बहुतेक वेळा पाण्याने. उदाहरणादाखल पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरचे चौघांचे कुटुंब घेऊ. रोज साधारण अर्धा किलो साली, देठ व चहाचा चोथा निघतो. भाजी-फळांच्या सालींत शेकडा ८० ते ९० भाग पाणीच असते. म्हणजे या अर्ध्या किलोबरोबर रोज चारशे ग्रॅमहून अधिक पाणी बादलीत जाते. एप्रिलच्या कोरड्या हवेत त्यातील बरेचसे उडून जाते, आणि म्हणून उन्हाळ्यात सारे सुरळीत चाललेले दिसते. जुलैत हवाच ओलसर असते. पाणी उडत नाही, साली मऊ होऊन एकमेकींवर बसतात, मधल्या फटी भरतात आणि हवेची वाट बंद होते.

आता याच कुटुंबाची वीस लिटरची बादली उघडून पाहू. बाजूला व तळाला छिद्रे पाडलेली आहेत, तरीही आंबूस-कुजट वास येतो आहे. घरच्यांनी वास दडपण्यासाठी झाकण घट्ट लावले आहे. त्यामुळे उरलीसुरली हवाही थांबली. शिवाय आठवडाभर उरलेला आमटी-भात आणि कलिंगडाच्या जाड फोडी आत गेल्या आहेत. येथे मुठीची परीक्षा करावी. हातमोजा घालून मधल्या थरातील मूठभर ऐवज घ्यावा व घट्ट दाबावा. बोटांमधून एखाददुसरा थेंब डोकावला तर ओल योग्य आहे. धार लागली तर पाणी जास्त आहे. मूठ उघडताच सारे भुसभुशीत सुटून पडले तर ते कोरडे आहे. या बादलीत धार लागते. निदान झाले.

उपाय असा. सज्जात जुने पोते किंवा मोठी घमेली पसरून बादली त्यावर रिकामी करावी. हे काम सकाळी करावे, कारण पहिली दहा मिनिटे वास वाढतो. गोळे खुरप्याने फोडावेत. कलिंगडाच्या फोडींचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. मग वाळलेला पालापाचोळा, नारळाच्या काथ्याचा चुरा किंवा साध्या लाकडाचा भुसा थोडा थोडा मिसळत जावे व अधूनमधून मूठ दाबून पाहावी. धार थांबली की मिसळणे थांबवावे. इतक्या ओल्या ऐवजाला बहुधा त्याच्या निम्मा ते तेवढाच कोरडा माल, मापाने, लागतो. प्लायवुडचा भुसा मात्र टाळावा, त्यात डिंकाची रसायने असतात.

यानंतर बादलीची छिद्रे काडीने मोकळी करावीत, तळाशी चार बोटे जाडीचा कोरडा थर द्यावा, ऐवज परत भरावा आणि वर आणखी दोन बोटे कोरडा थर पसरावा. बादली दोन विटांवर ठेवावी व खाली ताटली ठेवावी. झाकणाऐवजी जाड सुती फडके बांधावे. हवा जाते, चिलटे येत नाहीत. तीन दिवस नवा कचरा घालू नये, फक्त रोज एकदा खालीवर करावे. बहुधा दोन-तीन दिवसांत कुजट वास ओसरतो. ताटलीत जमलेले दुर्गंधीयुक्त पाणी कुंडीत न घालता मोरीत ओतावे.

दुसऱ्या प्रकारचा वास वेगळा असतो. तो कुजट नसून नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा असतो. हा अमोनिया होय. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे देठ, ताजे कापलेले गवत, चहाचा चोथा यांत नत्र भरपूर असते. जिवाणूंना नत्राबरोबर कर्बाचीही शिदोरी लागते, आणि ती वाळलेली पाने व भुसा पुरवतात. कर्ब कमी पडला की वापरता न आलेले नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. म्हणजे वासाबरोबर खताचा कसही जातो. येथेही औषध कोरडा मालच.

अशा वेळी अनेक घरांत चुना भुरभुरला जातो. ती चूक ठरते. चुन्याने ऐवज अल्कधर्मी होतो आणि अमोनिया अधिकच वेगाने सुटतो. फिनेल किंवा सुगंधी फवारा तर कामाचे जिवाणूच मारतो.

यावरून रोजची रीत सोपी होते. जितका ओला कचरा, तितकाच मापाने कोरडा माल. एक वाटी साली, एक वाटी पाला, लगेच वर झाकण म्हणून. अर्ध्या किलोला साधारण लिटरभर कोरडा माल लागतो, म्हणून वीस लिटरची बादली तीन-चार आठवड्यांत भरते. ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी. पहिलीला दोन ते तीन महिने विश्रांती द्यावी आणि आठवड्यातून एकदा हलवावी.

खरी अडचण आहे ती कोरडा माल कोठून आणायचा ही. पावसाळ्यात वाळके पान मिळत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच आवारातील पाने चुरडून पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावीत. पानगळीत जो साठवील, त्याला आषाढात वासाची धास्ती राहणार नाही.

मर्यादाही ध्यानात असाव्यात. मासे, मांस, दूध-दही व तेलकट उरलेले अन्न लहान बादलीत घालू नये. एवढ्याशा ढिगात उष्णता पुरेशी चढत नाही, त्यामुळे टोमॅटो-भोपळ्याच्या बिया मरत नाहीत आणि पुढे कुंडीत उगवतात.

खत झाले हे कसे ओळखावे? साली ओळखू येत नाहीत, रंग काळसर तपकिरी होतो, आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच वास येतो. दोन्ही ठिकाणी तो मातीतील एकाच जातीच्या जिवाणूंनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो. तो आला की चाळून घ्यावे, चाळणीवर राहिलेले तुकडे नव्या बादलीत टाकावेत आणि कुंडीतील मातीच्या तीन भागांत एक भाग खत मिसळावे.