फळा पुसल्यावर



आपण याच अंकुशनगरात कारखान्याचा भोंगा ऐकत दप्तर भरलं. आता मी सातवीला मराठी शिकवते, त्यामुळे आज माझ्या एका फसलेल्या तासाविषयी बोलते.

नोकरीच्या सुरुवातीला मी फळ्यावर गळीत हंगामावर एक परिच्छेद लिहून दाखवला आणि म्हटलं, "आता तुम्ही लिहा." वह्या तपासायला घेतल्या, तर जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य माझंच! नमुना आणि स्वतंत्र लेखन यांच्यामधल्या पायऱ्याच मी गाळल्या होत्या. पिअर्सन आणि गॅलघर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८३ मध्ये वाचनाच्या संदर्भात हेच मांडलं होतं, की काम शिक्षकाकडून मुलाकडे हळूहळू सरकलं पाहिजे.

आता मी मोठ्याने विचार करत लिहिते. "हंगामात आमच्या रस्त्याला झोप नसते." पुढे, "रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते." मग मुद्दाम लिहिते, "ऊस गोड असतो." आणि थांबते. खरं आहे, पण हे रस्त्याच्या झोपेबद्दल आहे का? नाही, म्हणून खोडते. हे खोडणं मुलांनी बघायलाच हवं. नंतर फळा पुसून टाकते, नाहीतर पुन्हा नक्कल होते.

दुसऱ्या दिवशी विषय वेगळा, समजा आठवडी बाजार. खडू माझ्या हातात, वाक्यं मुलांची. तिसऱ्या दिवशी जोड्या, दोघांत एकच वही. यात एक गंमत होते: हुशार मूल सगळं लिहून मोकळं होतं आणि दुसरं खिडकीबाहेर बघत बसतं. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर पेन बदलायचं. मग एकट्याने लिहायचं.

पण सगळे एकाच दिवशी एकटे लिहायला तयार नसतात. मी वहीतल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून विचारते, "हे का ठेवलंस?" उत्तर आलं नाही, तर अशा पाच-सहा जणांना जवळ बसवून पुन्हा सगळे मिळून लिहितो. बाकीचे पुढे जातात.

एक मुलगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता, पाडव्यानंतर परत आला. मधल्या सगळ्या पायऱ्या चुकलेल्या. त्याने 'आमची कोपी' लिहिलं: सहा ओळी, सहा विषय. पाचट, बैल, थंडी, मुकादम, भाकरी, धाकटी बहीण. माहिती वर्गात कोणाकडे नसेल इतकी, पण धागा नाही. मी नमुना दाखवला नाही. शेजारी बसले आणि विचारलं, "यातलं एकच ठेवायचं तर?" त्याने थंडी ठेवली. पाचट आणि बहीण थंडीशी जोडली, बाकीच्या तीन ओळी स्वतः खोडल्या. मग म्हणाला, "बाई, बैलांनाबी थंडी वाजती. ते परत घेऊ का?"